मदत हवी आहे: वडील अंथरुणाला खिळलेले, बोटांचे ठसे उमटत नाहीत, हयातीचा दाखला कसा द्यावा?

धानाचा_बांध
नमस्कार मंडळी. आमचं गाव सिंदेवाही तालुक्यात (जि. चंद्रपूर), जंगलाला लागून. बाबा वनरक्षक म्हणून निवृत्त झाले, आता वय ७९. पेन्शन राज्य सरकारची. दरवर्षी नोव्हेंबरात बँकेत जाऊन यादीत नावासमोर सही करायचे, काम खतम. बँक गावापासून २२ किलोमीटर.

मागच्या वर्षी गुडघे दुखत होते म्हणून मी त्यांना बाजूच्या गावातल्या सेवा केंद्रात नेलं. पोराने मशीनवर अंगठा लावून दाखला काढून दिला, प्रमाण आयडीचा कागदही हातात दिला. आम्ही निश्चिंत. पण डिसेंबरची पेन्शन जानेवारीत आलीच नाही. बँकेत विचारलं तर म्हणे, "तुमची हयात आली नाही." शेवटी जीप करून बाबांना नेलं, सही केली, मग पुढच्या महिन्यात थकबाकीसकट पैसे आले. त्या कागदाचं काय झालं ते आजपर्यंत समजलं नाही.

या सप्टेंबरात बाबा पडले. खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला ऑपरेशन झालं. उठून बसतात, पण गाडीत बसवणं शक्य नाही. केंद्रवाला मशीन घेऊन घरी आला होता, दहाही बोटं लावून पाहिली, एकही ठसा जुळला नाही. आयुष्यभर जंगल आणि शेती, बोटांवर रेषा राहिल्यात कुठे. आता महिना संपायला बारा दिवस आहेत. चेहरा दाखवून मोबाईलवर होते असं ऐकलं. कोणी केलं आहे का?

लालपरीवाला
भाऊ, कायले एवढं टेन्शन घेऊन राहिले? नोव्हेंबरचं काही बंधन नाही. मी एसटीत कंडक्टर होतो, मी तर मार्च महिन्यात देतो दाखला. ज्या तारखेले दिला तिथून बारा महिने चालते. बाबाले बरे होऊ द्या, मग आरामात न्या.

नीता_आर्वी
आमच्या आजीलापण हाच त्रास! श्रावणबाळचे पैसे चार महिन्यांपासून बंद आहेत. तलाठी म्हणतो तहसीलमध्ये जा, तहसीलवाले म्हणतात आधार बँकेला जोडा. तुम्ही त्या मोबाईलवाल्या ॲपमध्ये आजीचं करता येईल का ते सांगा.

जुना_खतावणीवाला
मी उपकोषागारात लिपिक होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आधी दोघांना उत्तर देतो, नाहीतर धाग्यात गोंधळ वाढेल.

लालपरीवाले काकाजी, तुमचं बरोबर आहे, पण ते तुमच्यापुरतं. एसटीवाल्यांची पेन्शन भविष्य निर्वाह निधीची, ईपीएस ९५ ची. तिथे वर्षभरात कधीही दाखला द्या, बारा महिने चालतो. राज्य सरकारच्या पेन्शनला ते लागू नाही. तिथे नोव्हेंबरातच हयात लागते, नाही मिळाली तर पेन्शन थांबते. बंद होत नाही, थांबते. दाखला गेला की मागचे पैसेही मिळतात. पण घरात औषधपाणी चालू असताना दोन महिने थांबणं कोणाला परवडतं?

नीताताई, श्रावणबाळ ही पेन्शन नव्हे, अनुदान आहे. त्याचा जीवन प्रमाणशी, म्हणजे या ऑनलाईन हयातीच्या दाखल्याशी, संबंध नाही, ते तहसीलच्या संजय गांधी शाखेतूनच सुटेल. वेगळा धागा काढा, तिथे माहितगार लोक येतील.

आता धानाचा_बांध. मागच्या वर्षी काय झालं असेल याचा मला अंदाज आहे. तो कागद असेल तर काढा आणि त्यावर पेन्शन देणारी संस्था म्हणून काय छापलं आहे ते सांगा. पीपीओ नंबरही पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहा.

धानाचा_बांध
काकाजी, कागद सापडला. पेन्शन देणारी संस्था म्हणून आमच्या बँकेचं नाव आहे. पीपीओ नंबर बरोबर आहे. बँकेचं नाव बरोबरच आहे ना? पैसे तिथेच येतात.

जुना_खतावणीवाला
इथेच तर सारे फसतात.

तुमच्या बाबांच्या पेन्शनची मंजुरी नागपूरच्या महालेखापालांकडून आली, आणि दर महिन्याला ती देते चंद्रपूरचं कोषागार. बँक फक्त पैसे खात्यात टाकते. केंद्र सरकारच्या बऱ्याच पेन्शनरांना मात्र बँकच पेन्शन देते, म्हणून केंद्रातल्या पोरांना बँक निवडायची सवय लागलेली असते. त्याने बँक निवडली, दाखला बँकेच्या खात्यात जाऊन पडला आणि कोषागाराला त्याचा पत्ताच नाही.

आणि प्रमाण आयडी मिळाला म्हणजे दाखला मंजूर झाला, हाही गैरसमज काढून टाका. आधारशी ठसा किंवा चेहरा जुळला की आयडी तयार होतो. माणूस जिवंत आहे एवढंच त्याने सिद्ध होतं. बाकीची माहिती तुम्ही भराल तशी जाते. पीपीओ चुकला, संस्था चुकली, तरी आयडी मिळतोच. खरी तपासणी होते ती संस्थेकडे दाखला पोचल्यावर. ते स्वीकारतात किंवा नाकारतात. नाकारला तर नवा दाखला काढावा लागतो, जुन्यात दुरुस्ती होत नाही. माझ्या टेबलावर असे कागद घेऊन रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

बँकेत जी यादी येते ती कोषागाराकडूनच येते. म्हणून सही केली की लगेच काम झालं.

टपालताई
मी गोंदियाकडे गावातल्या शाखा डाकघरात आहे. आमच्याकडूनही हे होते. पोस्टमन किंवा डाकसेवक घरी येऊन दाखला काढून देतो, फी ७० रुपये. खातं आमच्या पेमेंट्स बँकेत असलंच पाहिजे असं नाही. तुमच्या पोस्टात सांगून ठेवा. पण एक सांगते, आमच्याकडेही आधी बोटाचं मशीनच निघते. बोटं जुळत नसतील तर आधीच सांगा, चेहऱ्यावरून करा म्हणा.

घरी मोबाईलवर करायचं असेल तर तेही अवघड नाही. दोन ॲप लागतात, `AadhaarFaceRD` आणि `Jeevan Pramaan`. पहिलं नुसतं टाकून ठेवायचं, ते उघडून काही दिसत नाही, लोक घाबरतात. दुसरं उघडलं की आधी "ऑपरेटर" म्हणून तुमची स्वतःची नोंद होते. तुमचा आधार, तुमचा मोबाईल, ईमेल, ओटीपी, मग तुमचाच चेहरा. इथे बाबांचा चेहरा दाखवायचा नाही, अर्धे लोक इथेच अडकतात. ते झालं की मग बाबांचा आधार आणि मोबाईल टाका, ओटीपी येईल, मग पेन्शनची माहिती.

जुना_खतावणीवाला
त्या माहितीत सावकाश जा. पेन्शनचा प्रकार सेवा पेन्शन (आईचं असतं तर कुटुंब पेन्शन). `Sanctioning Authority` मध्ये महाराष्ट्र राज्याचं नाव, `Disbursing Agency` मध्ये कोषागार, आणि त्यातलं चंद्रपूर. बँकेचं नाव खातं नंबराजवळ कामाचं, इथे नाही. पीपीओ नंबर पुस्तकातून पाहून टाका, आठवणीतून नाही.

पुढे पुन्हा नोकरी केली का आणि पुनर्विवाह केला का असे दोन प्रश्न येतात. दोन्हीला नाही. ज्यांचं उत्तर हो आहे त्यांना ऑनलाईन दाखला मिळतच नाही, त्यांनी कागदावरच द्यावा.

धानाचा_बांध
काल दुपारी करून पाहिलं. माझी ऑपरेटरची नोंद झाली. बाबांच्या वेळी तीनदा फेल. खाट अंगणात होती, ऊन डोळ्यांवर येऊन राहिलं होतं, पापण्या उघड-मीट करा म्हटलं तर बाबा डोळे मिटूनच घेतात. वर मांडवाची सावली चेहऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांची. आधारवरचा फोटोही जुना आहे, तेव्हा भरघोस मिशा होत्या.

टपालताई
ऊन सोडा. सकाळी दारात खाट घ्या, उजेड समोरून पडू द्या, मागे भिंत किंवा पांढरी चादर. चष्मा काढा. मोबाईल दुसऱ्याने धरायचा, बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवर. झोपलेल्या माणसावर वरून धरला तर जुळत नाही. उशा लावून अर्धवट बसवा. आणि "आता डोळे मिचकावा" असं एकदाच म्हणा. आम्ही आजोबांना "पापणी लवव बाप्पा" म्हणतो, ते लगेच समजते.

लालपरीवाला
ताई, मिशा काढल्या तर सरकारले माणूस ओळखू येत नाही, असं कसं हो? मग माझं काय होईल, मी तर डोकंच भादरलं आहे यंदा.

टपालताई
काकाजी, केसांनी सहसा अडत नाही. चेहरा फारच बदलला असेल तर मात्र आधारचा फोटो नवा करावा लागतो. पण अंथरुणावरच्या माणसाचा नवा फोटो गावात कोण येऊन काढणार, ते मलाही ठाऊक नाही.

जुना_खतावणीवाला
एक दुसरी वाटही आजच धरून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या नोव्हेंबरात बँकांना सांगितलं आहे की ७० वर्षांवरच्या आणि अपंग माणसांना हयातीच्या दाखल्यासारखी सेवा घरी द्या. बाबा ७९ चे, म्हणजे त्यात बसतात. शाखा व्यवस्थापकाच्या नावाने साधा अर्ज करा, दवाखान्याचे कागद जोडा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलं तर "माणूस नाही" हेच उत्तर मिळेल, अर्जावर तसं लिहून देणं जरा जड जातं.

आणि कोषागारातून बोलतो म्हणून कोणी फोन करून ओटीपी मागितला तर ठेवून द्या. हयातीसाठी कोणी फोनवर ओटीपी विचारत नाही.

धानाचा_बांध
आज सकाळी सात वाजता झालं! बायकोने मागे चादर धरली, पुतण्याने मोबाईल धरला, दुसऱ्या खेपेला चेहरा जुळला. टॉवर घरात येत नाही म्हणून खाट ओट्यावर घेतली होती. कोषागार चंद्रपूर निवडलं, पीपीओ पुस्तकातून बाबांनी स्वतः वाचून सांगितला. प्रमाण आयडीचा मेसेज आला. बँकेतही अर्ज देऊन पोच घेतली. साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात क्लार्क पाठवू, यादी घेऊन.

आता साईटवर अजून स्वीकारल्याचं दिसत नाही. किती दिवस वाट पाहू?

जुना_खतावणीवाला
नोव्हेंबरात कोषागारात ढीग असतो, आठ-दहा दिवस सहज जातात. २८ तारखेपर्यंत काही दिसलं नाही तर आयडी आणि पीपीओ लिहून उपकोषागारात एक चक्कर मारा. तुमच्या तालुक्यालाच आहे, चंद्रपूरला जायची गरज नाही. बँकेचा क्लार्क आला तर सही तरीही घ्या, दोनदा हयात दिल्याने काही बिघडत नाही.

नीता_आर्वी
वेगळा धागा काढला आहे, कोणी वर्धा जिल्ह्यातले असाल तर बघा. आणि धानाचा_बांध, बाबांना लवकर बरं वाटो.

लालपरीवाला
माया बायकोच्या आधारवर वयच चुकलं आहे, ते या ॲपात चालते का कोणी सांगाल?