स्मरणिकेतली कविता: सोसायटी ग्रुप, वेंगुर्ले

नाना (ए-१०२): माई, कोजागिरीच्या स्मरणिकेसाठीची तुमची दिव्याच्या चित्रावरची कविता वाचली. चित्रात नसलेली होडी का घातलीत? प्रदर्शनात मीही होतो. आणि ते चित्र रविवर्म्याचं आहे.

माई (बी-२०४): नाना, चित्र सावळाराम हळदणकरांचं, 'ग्लो ऑफ होप'. माणूस आपल्या शेजारच्या सावंतवाडीचा, जन्म १८८२. प्रदर्शनात होती ती प्रत. मूळ जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दिवा धरून उभी राहिली होती त्यांचीच मुलगी.

बाबल्या (ए-००३): पण माई, वारो खंयसून इलो? चित्रात दारच नाय.

माई: तेच सांगते. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, "हातात दिवा, बोटांत उजेड, तोंडावर सोनेरी झाक." वहीत वाचल्यावर कळलं, हे चित्राकडे बघून कोणीही सांगेल. तिन्ही खोडलं. मग एकाच गोष्टीशी थांबले. तिने ज्योतीआड हात का धरलाय? वारा असणार. वारा आहे म्हणजे कुठेतरी दार उघडं आहे. रात्री दार उघडं कशाला ठेवेल? कोणीतरी यायचंय.

सेक्रेटरी: उद्या सकाळी टाकी धुणार. बादल्या भरून ठेवा.

नाना: चित्र रविवर्म्याचं आहे. आमच्या देवघरात कॅलेंडर होतं.

वैनी (बी-३०१): माई, मग काहीही घालता येईल की. गेल्या वर्षी माझ्या कवितेच्या दोन ओळी तुम्हीच कापल्या होत्यात.

माई: वैनी, त्या छपाईत गेल्या, मी तेव्हाच माफी मागितली. आणि काहीही नाही घालता येत. मीही एका कडव्यात दिवा विझवला होता. चित्रात तो पेटलेला आहे, त्यामुळे ते कडवं खोटं पडलं, काढलं. चौकटीबाहेरचं घ्यावं, पण आत जे आहे ते मोडू नये. आता इतकंच उरलंय:

तळहाताने तिने अडवलाय वारा,
रंगवायचा राहून गेलेला.
चित्राबाहेरच्या दारातून तो येतो.
होडी अजून आलेली नाही,
वारा मात्र आलाय.

बाबल्या: शेवटची ओळ लय लागली. होडी कोणाची ता सांगा.

माई: ते सांगितलं तर वाचणाऱ्याला बघायला काय उरणार? मी बापाची लिहिली होती, मग 'बापाची' शब्द काढला. त्या शब्दाने वाट बघणारी ती मुलगी आहे की बायको, हे मीच ठरवून टाकत होते.

वैनी: बरं. पण कवितेखाली चित्रकाराचं नाव ठळक छापा. नाही तर नानांचं कॅलेंडर छापलं जाईल.

माई: छापते. चित्राचं नावही. ते बघितल्याशिवाय हाताची ओळ कळणार नाही.

सेक्रेटरी: उद्या टाकी. परत सांगतोय.

नाना: आमची आई समईपुढे असाच हात धरायची, पडवीत वारा दर्यावरून यायचा. आबा रापणीवर असायचे. होडी राहू दे, माई. पण चित्र रविवर्म्याचं.

बाबल्या: नाना, हळदणकर.