मदत हवी आहे: फोटोतलं टेबल काढून लाकूड किंवा मार्बल टाकायचंय, प्लेट तरंगताना दिसते

मोदकवाली
घरून ऑर्डरी घेते. मेन्यूकार्ड परवा छापायला द्यायचंय. तीन फोटो आहेत, पदार्थ मस्त आलेत, पण टेबल बघवत नाही. फुलाफुलांचं प्लास्टिक, मागे औषधांचा डबा, चार्जर, पेपर. अ‍ॅपने बॅकग्राउंड काढलं, नेटवरून मार्बलचा फोटो घेऊन खाली टाकला. कड अगदी स्वच्छ कापली गेलीय, तरी प्लेट हवेत तरंगतेय. नवरा म्हणतो स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतंय. यापेक्षा चांगलं अ‍ॅप कुठलं? लवकर सांगा. आणि "नवीन फोटो काढा" हे सांगू नका, पदार्थ केव्हाच संपले.

कोथरूडचा_काका
ताई, स्वयंपाकाच्या कामाला मार्बल अजिबात घेऊ नका. आमच्याकडे होतं. लिंबू, चिंच, कोकम, काहीही सांडलं की तिथली चकाकी कायमची जाते, घासून येत नाही. हळदीचे डाग वेगळेच. ग्रॅनाइट घ्या.

मोदकवाली
काका, टेबल विकत नाही घ्यायचंय. फोटोतलं बदलायचंय.

जुनी_लेन्स
अ‍ॅप बदलून काही होणार नाही. आधी हे सांगा: तिन्ही फोटोंत नेमकं काय आहे, कशात वाढलंय, फोन बरोबर वर धरला होता की तिरका, खिडकी कुठल्या बाजूला होती? फोटो फोनमधले मूळ आहेत की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेले?

मोदकवाली
एवढं सगळं लागतं? मोदक पांढऱ्या चिनी मातीच्या प्लेटमध्ये. अळूवडी स्टीलच्या ताटलीत. सोलकढी काचेच्या ग्लासात. मोदकांचा बहुतेक वरून काढलाय, बाकीचे बसल्या बसल्या. खिडकी डावीकडे असते आमची. व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणीने पाठवले, तिच्या फोनने काढलेत.

सनबोर्डवाला
तीन वर्षं फ्लेक्स प्रिंटिंग करतोय म्हणून सांगतो. एवढा खटाटोप कशाला? दोन बाय दोन फुटांचा सनबोर्ड घ्या, त्यावर मार्बलचं मॅट व्हिनाइल चिकटवून आणा, काम झालं. फ्लेक्स नको, तो चमकतो आणि खिडकीचा पांढरा पट्टा उमटतो. पुढच्या वेळी थेट त्यावरच फोटो काढायचे.

मोदकवाली
पुढच्या वेळचं पुढच्या वेळी. परवा छपाई आहे.

पिक्सेल_पंढरी
सोपं आहे. मूळ फोटोचा लेयर मार्बलच्या वर ठेवा आणि त्याचा मोड Multiply करा. सावली आपोआप मार्बलवर येते. वरून कापलेली प्लेट ठेवा. मी बहिणीच्या केकचे असेच केलेत, कोणाला कळलं नाही.

जुनी_लेन्स
पंढरी, तुमच्या बहिणीने केक पांढऱ्या कागदावर ठेवला असणार. Multiply मध्ये पांढरं गळून जातं आणि गडद तेवढं उरतं, म्हणून तिथे सावली फुकटात मिळाली. इथे खाली फुलाफुलांचं प्लास्टिक आहे. सावलीबरोबर गुलाबाची फुलंही मार्बलवर उमटतील.

पिक्सेल_पंढरी
हो, कागद होता. पण फुलं पुसता येतात की.

जुनी_लेन्स
सावलीतून फुलं पुसत बसण्यापेक्षा सावली नवी काढलेली बरी. मोदकवाली ताई, आता तुमचं बघू. प्लेट तरंगते त्याची दोन कारणं असतात आणि कड कशी कापली याच्याशी त्यांचा फारसा संबंध नाही.

पहिलं म्हणजे कोन. नेटवर मिळणारे मार्बलचे फोटो बहुतेक वरून घेतलेले, सपाट असतात. तुमची ताटली तिरक्या नजरेने पाहिलेली आहे. डोळ्याला हे लगेच खुपतं, फक्त काय खुपतंय ते सांगता येत नाही. तपासायचं कसं? स्क्रीनवर पट्टी धरा आणि ताटलीच्या कडेची रुंदी आणि उंची मोजा. दोन्ही सारखी आली, म्हणजे ताटली गोल दिसतेय, तर फोटो बरोबर वरून आहे आणि सपाट मार्बल तसंच चालेल. रुंदी 6 सेंमी आणि उंची साडेतीन आली तर फोन टेबलापासून साधारण 35 अंशांवर होता. मग मार्बलही त्याच प्रमाणात उभं दाबायला हवं आणि मागच्या बाजूला थोडं निमुळतं व्हायला हवं.

मोजून सांगा, मग सावलीचं बोलू.

केळीचं_पान
मोदकाला मार्बल? आमच्या रत्नागिरीकडे कोणी बघितलं तर हसतील. केळीचं पान टाका, टेबल झाकलं जातं आणि प्रश्नच मिटतो. लाकूडच हवं तर घरातला पोळपाट आहेच.

सनबोर्डवाला
केळीचं पान वाकतं, शिरेवर प्लेट डुगडुगते. शिवाय हिरव्याची झाक पांढऱ्या मोदकावर येते.

केळीचं_पान
झाक येते ती आम्हाला आवडते. तुमच्या प्लास्टिकच्या मार्बलपेक्षा बरी.

मोदकवाली
मोजलं. मोदकांची प्लेट गोलच आहे, थोडासा फरक. अळूवडीची 5.8 आणि 3.4. ग्लासचं काय मोजू?

जुनी_लेन्स
मोदकांचा फोटो आज होईल. अळूवडीचा मेहनतीने होईल, तरी पूर्ण खात्री देत नाही. सोलकढीचा सोडून द्या.

ग्लास पारदर्शक आहे. त्यातून आणि त्याच्या जाड बुडातून तुमचं प्लास्टिक आणि पेपर दिसतोय. बाहेरून कितीही छान कापलात तरी आतलं टेबल आतच राहणार. सोलकढी करायला वेळ लागत नाही, तेवढी एक पुन्हा करा.

मोदक: संगणकावर Photopea उघडा, ब्राउझरमध्येच चालतं, पैसे लागत नाहीत. खाली मार्बलचा लेयर, वर कापलेली प्लेट. मधे एक रिकामा लेयर घ्या आणि प्लेटच्या आकाराचा गोल गडद तपकिरी-करड्या रंगाने भरा. शुद्ध काळा नको, तो छिद्र पडल्यासारखा दिसतो. या लेयरला Multiply द्या, Gaussian Blur लावा आणि गोल थोडा उजवीकडे सरकवा, कारण खिडकी डावीकडे आहे. गडदपणा 30-40 टक्क्यांवर आणा. मग दुसऱ्या रिकाम्या लेयरवर असाच Multiply चा आणखी एक गोल नव्याने भरा, तो प्लेटच्या अगदी बुडाशी ठेवा, त्याचा ब्लर फारच कमी आणि रंग जास्त गडद. प्लेट जिथे टेकते तिथली ही बारीक काळी रेघच तिला खाली बसवते. पसरट सावली एकटी टाकली तर प्लेट अजूनच वर उचललेली वाटते.

खिडकी डावीकडे "असते" म्हणालात, तर एकदा मोदकाकडेच बघून खात्री करा. त्याच्या कळ्यांची उजवी बाजू काळसर आहे का?

मोदकवाली
आता नीट बघितलं तर खालची बाजू काळसर आहे. बहिणीने खिडकीकडे तोंड करून काढला असावा.

जुनी_लेन्स
मग प्रकाश वरच्या कडेकडून येतोय. सावली खाली, तुमच्याकडे पडली पाहिजे. उजवीकडे टाकली असती तर परत स्टिकर.

नोंदणी_आठवण
मेन्यूकार्ड छापताय तर FSSAI ची नोंदणी झालीय ना? चौदा आकडी क्रमांक कार्डावर येऊ द्या, नंतर सगळी कार्डं बदलायला लागतात.

मोदकवाली
झालीय हो. धाग्याचा विषय वेगळा आहे.

मोदकांचं केलं. सावली टाकल्यावर खरंच बसली प्लेट, नवऱ्यानेही मान्य केलं. पण आता पांढरी प्लेट, पांढरे मोदक, पांढरं मार्बल. काहीच उठून दिसत नाही. आणि प्लेटच्या कडेला गुलाबी झाक का दिसतेय? आधी नव्हती.

जुनी_लेन्स
आधीही होती. प्लास्टिकवरचा गुलाबी रंग प्लेटच्या कडेवर परावर्तित झालाय. गुलाबी टेबलावर ते खटकत नव्हतं, पांढऱ्यावर चुगली करतंय. Sponge टूल घेऊन Desaturate वर ठेवा आणि फक्त त्या कडेवरून हलक्या हाताने फिरवा. मोदकांवर नको, नाहीतर ते सिमेंटचे दिसतील.

आणि मोदकांना गडद लाकूडच घ्या. मार्बल अळूवडीला शोभेल. लाकूड टाकताना फळीची रुंदी बघा. तुमची प्लेट दहा इंची असेल तर तिच्याखाली अडीच-तीन फळ्या याव्यात. सहा-सात आल्या तर प्लेट परातीएवढी वाटेल.

पिक्सेल_पंढरी
पण एकाच कार्डावर एक फोटो लाकडावर आणि एक मार्बलवर? दोन वेगळी हॉटेलं वाटतील. सगळीकडे एकच पृष्ठभाग हवा.

जुनी_लेन्स
एकच हवा असेल तर गडद लाकूड. अळूवडी त्यावर थोडी दबेल, एवढंच.

सनबोर्डवाला
दबेल नाही, गायब होईल. तपकिरीवर तपकिरी. करडा सिमेंट फिनिश घ्या, दोन्ही उठतात. माझ्याकडे असे तीन शेड आहेत.

मोदकवाली
लाकूड टाकलं मोदकांना. छान दिसतंय! अळूवडीचं मार्बल उभं दाबून बघितलं. आता ताटली टेकलेली दिसते, पण ताटलीतच लाल-हिरवं काहीतरी दिसतंय.

जुनी_लेन्स
स्टील आहे, आरसाच तो. फुलं आणि तुमच्या बहिणीचा कुर्ता, दोन्ही त्यात असणार. ताटलीच्या कडेचा रंग Desaturate ने घालवता येतो, आकार मात्र राहतात. करडी फुलं दिसतील. छोट्या मापात छापलं तर चालून जाईल. कार्डावर केवढा फोटो येणार? व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोचं त्यावरही अवलंबून आहे. साध्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलच्या आसपास उरते. तीन इंचांपर्यंत ठीक छापेल, त्याहून मोठा करू नका. बहिणीला मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, कापलेली कडही सुधारेल.

मोदकवाली
बहीण म्हणते तिने डिलीट केले, जागा नव्हती म्हणून.

अळूवडीचे उंडे फ्रीजमध्ये आहेत, उद्या सकाळी चार वड्या तळून चिनी मातीच्या प्लेटमध्ये काढते. सोलकढीही तेव्हाच. पण मार्बल उद्या सकाळी कुठून आणू?

सनबोर्डवाला
सांगत होतो ना! प्लायवूडच्या दुकानात मॅट सनमायकाचा तुकडा मागा. कापून उरलेले पडलेले असतात, दीड बाय दीड फूटही पुरेल. चकचकीत देऊ लागला तर घेऊ नका.

जुनी_लेन्स
इथे मी यांच्या बाजूने. तुकडा खिडकीपाशी ठेवा, घरातला पिवळा दिवा बंद, आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. सोलकढीच्या ग्लासामागे काही नको. मोदकांच्या फोटोत प्रकाश वरच्या कडेकडून आहे, म्हणून इथेही खिडकी पदार्थाच्या मागे ठेवा. कार्डावर शेजारी आले की फरक दिसतो.

केळीचं_पान
उंडे केव्हाचे आहेत? तळताना फुटत असतील तर पातळ कापा आणि तेल चांगलं तापू द्या.

मोदकवाली
कालचेच आहेत. फुटत नाहीत माझे. सनमायकाचं दुकान दहाला उघडतं, छपाईवाला दुपारी बारापर्यंत थांबतो म्हणालाय. पंढरी, तोवर मोदकांचा लाकडावरचा फोटो टाकते, सावली जास्त गडद झालीय का एवढं बघा.