मदत हवी आहे: अ‍ॅरेत a[5000] लगेच वाचता येतं, मग तिथेच नवीन घटक घालायला वेळ का लागतो?

नवशिका_सी: सी मध्ये int चा अ‍ॅरे आहे, साधारण २०,००० गुणांचा, चढत्या क्रमाने लावलेला. पुस्तकात लिहिलंय की इंडेक्सने वाचणं O(1) आणि मध्ये घालणं O(n). जागा जर एका झटक्यात सापडते, तर तिथे लिहायला एवढा खर्च कसला? लिहिणं म्हणजे a[5000] = x एवढंच ना?

पाटीवाला: a[5000] = x हे O(1)च आहे, पण ते घालणं नव्हे. त्याने तिथला जुना आकडा पुसला जातो. तो टिकवायचा तर त्याला आणि त्याच्या मागच्या सगळ्यांना एकेक घर पुढे सरकवावं लागतं.

सगळं सुरुवातीच्या पत्त्यावर अवलंबून आहे. समजा अ‍ॅरे १००० या पत्त्यावर सुरू होतो आणि int ४ बाइटचा आहे. a[3] चा पत्ता १००० + ३ × ४ = १०१२. a[5000] चा पत्ता १००० + ५००० × ४ = २१०००. दोन्हीकडे एक गुणाकार, एक बेरीज. मधले घटक बघावेच लागत नाहीत. पण हा हिशोब तेव्हाच बरोबर येतो, जेव्हा सगळे घटक सारख्या मापाचे आणि एकमेकांना चिकटून असतात. मध्ये घालताना हीच अट मोडू द्यायची नसते, म्हणून सरकवासरकव. ज्या रचनेमुळे वाचणं स्वस्त होतं, तिचीच ही किंमत आहे.

सह्याद्री_कोडर: म्हणूनच लिंक्ड लिस्ट वापरा. तिथे मध्ये घालणं O(1), विषय संपला.

पाटीवाला: अर्धंच बरोबर आहे. ज्याच्या नंतर घालायचं त्या नोडचा पॉइंटर हातात असेल तरच O(1). इथे "५००० व्या जागी घाल" असं म्हटलंत तर पहिल्या नोडपासून next, next करत तिथवर चालत जावं लागेल. म्हणजे सरकवण्याऐवजी चालण्यात O(n) गेला.

नवशिका_सी: मी सरकवून पाहिलं. 10 20 40 50 60 मध्ये 30 घातला, तर 10 20 30 40 40 40 असं येतंय. अ‍ॅरे ८ घरांचा आहे, म्हणजे जागा होती.

पाटीवाला: लूप पुढून चालवलाय. आधी a[3] = a[2] केलं की ५० गेला, तिथे ४० आला. मग तोच ४० a[4] मध्ये, तोच a[5] मध्ये. ओळीने सारखे आकडे दिसले की हीच चूक समजा. शेवटाकडून या:

```c
for (int i = n; i > k; i--)
    a[i] = a[i-1];
a[k] = x;
n++;
```

इथे k = 2, n = 5. आधी ६० हलतो, मग ५०, मग ४०: एकूण n − k = ३ हलवाहलवी. लूपऐवजी memmove वापरलंत तरी चालेल. memcpy मात्र नको, कारण जुनी आणि नवी जागा एकमेकांवर येतात आणि त्या वेळी काय होईल याची सी भाषा हमी देत नाही.

लॉगवाली: माझंही असंच काहीसं. पायथनमध्ये एक लाख ओळी lst.insert(0, line) करून उलट क्रमाने लावते, फार वेळ लागतो. लिस्ट भरली की पायथन दर वेळी नवीन जागा घेऊन सगळं कॉपी करतो, म्हणून ना?

पाटीवाला: नाही. नवीन जागा append मध्येही घ्यावी लागते, पण ती घेताना थोडी जास्तीची घेतली जाते, त्यामुळे ते क्वचितच घडतं आणि append वेगवान राहतो. तुमचा वेळ सरकवण्यात जातोय. पहिल्या insert ला ० घटक हलतात, शेवटच्याला ९९,९९९. बेरीज जवळपास ५०० कोटी. नेहमीच्या ६४ बिट पायथनमध्ये प्रत्येक घरात ८ बाइटचा पॉइंटर असतो, म्हणजे सुमारे ४० जीबी इकडून तिकडे. पडताळा सोपा आहे: ओळी दुप्पट करा, वेळ साधारण चौपट होईल. append करून शेवटी एकदाच lst.reverse() करा.

सह्याद्री_कोडर: क्रम महत्त्वाचा नसेल तर सरकवायचीही गरज नाही. a[n] = a[k]; a[k] = x; n++; झालं.

पाटीवाला: हो, आणि ते खरंच O(1) आहे. पण मूळ प्रश्नातला अ‍ॅरे क्रमाने लावलेला आहे, तिथे नाही चालणार.

नवशिका_सी: मग जागा बायनरी सर्चने शोधली तर एकूण log n होईल का?

पाटीवाला: शोधणं तेवढंच स्वस्त होईल. २०,००० मध्ये सुमारे १५ तुलना. सरकवणं आहे तसंच, सरासरी १०,००० घटक.

सह्याद्री_कोडर: म्हणजे तोल राखणारं ट्री घ्यावं.

पाटीवाला: मला घाई वाटते. १०,००० int म्हणजे ४० केबीचा एकसलग तुकडा, memmove तो फार पटकन हलवतो. ट्रीमध्ये दर पायरीला मेमरीत दुसरीकडे उडी, शिवाय इंडेक्सने थेट वाचणं जातं. दिवसाला किती गुण घालायचे आणि किती वेळा वाचायचे, ते सांगा.

नवशिका_सी: वाचणं सतत, घालणं कधीतरी. किती ते मोजून कळवतो.