‘मिटिगेटिंग’ला मराठीत काय म्हणायचं? ‘सौम्य’ म्हटलं की वाचणारे चिडतात

गोदाकाठची
आमच्या नाशिकच्या वाचनगटासाठी मी एक लेख मराठीत करतेय, बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाच्या 1995 मधल्या हत्याकांडातल्या ड्राझेन एर्देमोविच या बोस्नियन सर्ब सैन्यातल्या सैनिकाच्या खटल्यावरचा. त्यात मिटिगेटिंग आणि अ‍ॅग्रव्हेटिंग हे शब्द पानापानावर येतात. मी ‘सौम्य करणारी परिस्थिती’ आणि ‘गंभीर करणारी परिस्थिती’ असं लिहिलं. गटातल्या एक मावशी ते वाचून चिडल्याच, म्हणाल्या सत्तर माणसं मारणाऱ्याचं सौम्य काय करायचंय तुम्हाला? त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. दुसरा शब्द आहे का?

नाशिकरोडकर
सोपंय ताई, ‘सूट’ लिहा. आमच्याकडे जेलच्या आसपास सगळे हाच शब्द वापरतात, चांगलं वागला की सूट मिळाली. दहा वर्षांची पाच झाली म्हणजे सूटच की.

वकीलकाका
नाही हो, सूट म्हणजे रेमिशन, ती शिक्षा ठरल्यानंतर तुरुंगात मिळते. इथे बोलणं चाललंय शिक्षा ठरवतानाचं. निकालाआधी न्यायाधीशाच्या समोर जे तोललं जातं त्याला सूट म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल की आधी काहीतरी ठरलं होतं आणि मग कुणीतरी दया केली. इंदिरानगरवाल्या आमच्या एका सीनियरांच्या तोंडी ‘शिक्षा हलकी करणाऱ्या बाबी’ असायचं, मला तेच आवडतं, कारण त्यात हलकं काय होतंय ते स्पष्ट आहे. शिक्षा हलकी होते, गुन्हा होत नाही. ‘सौम्य’ची अडचण अशी की तो शब्द आपण लाठीमारालासुद्धा लावतो, मग मारच कमी झाला असं वाटतं.

सातपूरवाला
माझ्या मेहुण्याची केस अशीच होती, द्वारकेला टेम्पोचा अ‍ॅक्सिडेंट, पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने कमी दिली. मग तो पण मिटिगेटिंगच ना? त्याला फक्त दंड आणि काही महिने झाले. अपील केली तर अजून कमी होते का?

वकीलकाका
दादा, पहिलाच गुन्हा असणं हलकी करणारी बाब आहे, बरोबर. पण अपिलाचं, कागद बघितल्याशिवाय कुणी सांगू नये, तुमच्या वकिलाला विचारा.

इतिहासवेडा
एर्देमोविचला पाच वर्षं झाली कारण कोर्टाने मान्य केलं की त्याच्यावर दबाव होता आणि दबावाखाली केलं तर गुन्हा होत नाही. हिशोब करून बघा, सत्तर माणसं आणि पाच वर्षं म्हणजे माणसामागे सव्वीस दिवस. मला हे वाचून झोप आली नव्हती.

वकीलकाका
सव्वीस दिवसांचा हिशोब बरोबर आहे, आणि तो मनाला लागतो, लागायलाच हवा. पण पहिलं वाक्य अर्धंच खरं. दबाव म्हणून गुन्हा होत नाही असं कोर्टाने मुळीच म्हटलेलं नाही, उलट नाकारलं. जरा सविस्तर सांगतो.

16 जुलै 1995. पिलित्साजवळ ब्रान्येवो नावाचं शेतीफार्म. बसा भरून माणसं आणली जात होती, दहा-दहाच्या गटाने बाहेर काढून गोळ्या घातल्या. सकाळी दहापासून दुपारपर्यंत. एर्देमोविचच्या स्वतःच्या अंदाजाने तिथे सुमारे 1200 मारले गेले आणि त्याच्या गोळीने सुमारे 70. तो 23 वर्षांचा होता. त्याने आधी नकार दिला, त्यावर त्याला सांगण्यात आलं की तुला त्यांची कीव येत असेल तर बंदूक दे आणि रांगेत उभा राहा. दुपारी गावातल्या एका हॉलमध्ये आणखी पाचशेजणांना मारायला चला म्हणाले तेव्हा तो गेला नाही.

युगोस्लावियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगमध्ये नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्याने मे 1996 मध्ये मानवतेविरुद्धचा गुन्हा कबूल केला. नोव्हेंबरमध्ये 10 वर्षं. अपील झालं तेव्हा 1997 मध्ये पाचपैकी तीन न्यायाधीशांनी म्हटलं, निरपराध माणसांना मारताना स्वतःच्या जिवाची भीती हा पूर्ण बचाव होऊ शकत नाही. दोघांचं मत वेगळं होतं. त्यातले एक न्यायाधीश कासेसे, त्यांचं म्हणणं ढोबळपणे असं, की ती माणसं तशीही मरणारच असतील तर याने स्वतः मरून कुणाचा जीव वाचला असता? वाचून ठरवा. पण बहुमताने सांगितलं, बचाव नाही, शिक्षा ठरवताना मात्र ती बाब बघता येईल.

आणि कबुलीसुद्धा परत घ्यायला लावली, कारण मानवतेविरुद्धचा गुन्हा आणि युद्धगुन्हा यातला फरक त्याला नीट समजावून सांगितला गेला नव्हता. पुन्हा त्याने युद्धगुन्हा कबूल केला. मार्च 1998 मध्ये 5 वर्षं.

म्हणजे जिवाची भीती गुन्हा पुसायला नाही, शिक्षा हलकी करायलाच लागली. म्हणून हा शब्द नेमका हवा.

गोदाकाठची
काका मग पाचच का? दहावरून निम्मं कसं?

वकीलकाका
एका तागडीत मारल्या गेलेल्यांची संख्या आणि त्यातला त्याचा हात. दुसऱ्यात वय, बायको-मूल, कबुली, पश्चात्ताप, सहकार्य, आणि दुसऱ्या वेळी जिवाची भीती. पहिल्या बेंचने ती पुरेशी सिद्ध झाली असं धरलं नव्हतं. सहकार्याचं वजन फार मोठं होतं. ब्रान्येवोची माहिती फिर्यादी पक्षाला त्यानेच दिली, पुढे बड्या अधिकाऱ्यांच्या खटल्यांत साक्षही दिली. आणि एक गोष्ट लोक विसरतात, या न्यायालयाला फाशी देता येत नव्हती, शिक्षा ठरवताना जुन्या युगोस्लावियातल्या पद्धतीकडे बघायचं होतं, जिथे फाशीच्या ऐवजी वीस वर्षं होती.

पंचवटी_शिक्षिका
आणि वरच्याचं? ज्याच्या हाताखाली हे सगळं झालं त्याचं?

वकीलकाका
त्या भागातल्या सर्ब सैन्याच्या ड्रिना कोअरचा जनरल क्रस्टिच, त्याला 2001 मध्ये 46 वर्षं, 2004 च्या अपिलात नरसंहाराला साहाय्य केल्याबद्दल 35. तिथे मोठा हुद्दा शिक्षा वाढवतो. मात्र एक नियम पक्का, जी गोष्ट गुन्ह्याचाच भाग आहे ती पुन्हा शिक्षा वाढवायला मोजायची नाही. आणि वजन वाढवणारी बाब फिर्यादीला संशयापलीकडे सिद्ध करावी लागते, हलकी करणारी बाब आरोपीने तितकी कडक नाही, फक्त बहुधा खरी अशी दाखवली तरी चालतं. त्यामुळे एकूण आकडा लोकांना हलकाच वाटतो.

इतिहासवेडा
मान्य, मी चुकीचं लिहिलं होतं. पण मनात राहतं ना. माझ्या मते ‘दबाव’ शब्दही बदला, राजकीय दबाव, घरचा दबाव, सगळंच दबाव. इथे ‘जिवाची धमकी’ हवं. आपल्या जुन्या दंडविधानातही 94 कलमात धमकीने केलेली कृती माफ आहे पण खून सोडून, म्हणजे तिथेही तीच रेघ.

वकीलकाका
अगदी. आता न्याय संहितेत ते 32 आहे. पण ‘जिवाची धमकी’ म्हटलं की धमकावणाऱ्याचं कृत्य ऐकू येतं, आरोपीची अवस्था नाही. ‘प्राणभय’ बघा.

पंचवटी_शिक्षिका
प्राणभय नको, कीर्तनातला वाटतो, शाळेतल्या मुलांनाही कळणार नाही. ‘जिवाच्या भीतीने’ एवढंच लिहा ना.

गोदाकाठची
‘शिक्षा हलकी करणाऱ्या बाबी’ आणि ‘शिक्षा वाढवणाऱ्या बाबी’ घेते, लांब आहे पण कोण काय हलकं करतंय ते दिसतं. मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, शब्द बरा आहे, पण पाच वर्षं मला अजून पटत नाहीत. प्राणभय की जिवाची भीती, यावर उद्या परत विचारते.