मदत हवी आहे: देणगीचा ईमेल येतो, पण नोंद सुटते

आमचा छोटा ट्रस्ट आहे. बँकेत देणगी जमा झाली की जीमेलवर सूचना येते. ॲप्स स्क्रिप्ट ती शीटमधल्या रजिस्टरात उतरवते, पावती पाठवते आणि मेलला ‘नोंदले’ लेबल लावते. गोची अशी की एकाच विषयाचे मेल जीमेल एका थ्रेडमध्ये गुंफतं आणि स्क्रिप्टचं लेबल अख्ख्या थ्रेडला लागतं. सकाळचे ₹501 नोंदले, तर त्याच थ्रेडमध्ये दुपारी आलेले ₹501 स्क्रिप्ट बघतच नाही. बँकेच्या स्टेटमेंटशी यूटीआर जुळवताना हे सापडतं, तोवर देणगीदाराचा फोन येऊन गेलेला असतो!

लेबल सोडून प्रत्येक मेलचा `getId()` रजिस्टरात ठेवून तपासावं, की यूटीआरवरूनच? कोणी असं चालवतंय का?