मदत हवी आहे: पोमोडोरोचा टायमर कामानुसार कसा बदलता?

नमस्कार मंडळी, मी नागपूरला धंतोलीतल्या एका अभ्यासिकेत बसून सीएचा अभ्यास करते. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी हा पोमोडोरोचा हिशोब कायद्याची कलमं पाठ करताना मला छान जमतो. फक्त तिथेही २० मिनिटांनंतर डोळे नुसते ओळींवरून फिरू लागतात, म्हणून कामाचा वेळ मी थोडा कमी केलाय.

अडचण कन्सॉलिडेशनच्या गणितांची आहे. गुडविल, मायनॉरिटी इंटरेस्ट हे सगळे आकडे डोक्यात जुळत आले की नेमका टायमर वाजतो. उठून आलं की वर्किंग नोट्स पुन्हा पहिल्यापासून वाचाव्या लागतात. त्यामुळे आता अशा गणिताला ५० मिनिटं आणि नंतर १० मिनिटं सुट्टी ठेवते. टायमर मध्येच वाजला, तर सुरू असलेली वर्किंग नोट पूर्ण करूनच थांबते.

पण कधीकधी ते लांबत दीड तासावर जातं आणि शेवटी बेरजाच चुकतात. मोठी गणितं सोडवणाऱ्यांनो, थांबायची खूण तुम्ही कशी ठरवता? आणि लांबलेल्या सत्रानंतर सुट्टी किती घेता? अनुभव सांगा ना, प्लीज.