मदत हवी आहे: ३७ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, घनता १.२८, मोलॅरिटी जुळत नाही

अमळनेर_बारावी
गणितात बॅटरीतलं सल्फ्युरिक ॲसिड दिलंय. वजनाने ३७ टक्के, घनता १.२८ ग्रॅम प्रति मिली, रेणुभार ९८. मी १०० ग्रॅम द्रावण धरलं, म्हणजे ३७ ग्रॅम ॲसिड आणि ६३ ग्रॅम पाणी. मोलॅलिटी ५.९९ आली, ती जुळते. मोलॅरिटीला मात्र लिटरमध्ये ३७० ग्रॅम ॲसिड धरून ३.७८ येते, उत्तर ४.८३ आहे. घनता नेमकी कुठे वापरायची? उद्या क्लासमध्ये फळ्यावर सोडवायचंय.

यावलकर
घनतेने गुण ना भाऊ. ३.७८ गुणिले १.२८ म्हणजे ४.८३. मोलॅलिटीलाही गुण, ७.६७ येईल.

तापीकाठ
यावलकर, पहिला गुणाकार बरोबर, दुसरा नाही. टक्केवारी वजनाची आणि लिटर मापाचा, म्हणून मोलॅरिटीत घनता लागते. ३७० ग्रॅम धरले म्हणजे लिटरभर द्रावण हजार ग्रॅम भरतं असं मानलं. ते भरतं १२८० ग्रॅम. त्याचे ३७ टक्के ४७३.६ ग्रॅम, भागिले ९८, झाले ४.८३ मोल.

मोलॅलिटीत लिटर येतच नाही. पडताळून पाहा: त्याच लिटरमध्ये पाणी उरलं ८०६.४ ग्रॅम. ४.८३ ला ०.८०६४ ने भागलं की पुन्हा ५.९९. मोल फ्रॅक्शनलाही घनता नको. ॲसिडचे ०.३७८ मोल, पाण्याचे ६३ भागिले १८ म्हणजे ३.५. उत्तर ०.०९७.

अमळनेर_बारावी
समजलं सर. पण टक्केवारी न देता ५.९९ मोलॅलिटी आणि घनताच दिली तर?

तापीकाठ
तिथेच पोरं अडकतात. ५.९९ मोल हे हजार ग्रॅम पाण्यात आहेत, हजार ग्रॅम द्रावणात नाहीत. ॲसिडचे ५८७ ग्रॅम मिळवा, द्रावण १५८७ ग्रॅम. १.२८ ने भागा, १२४० मिली. ५.९९ भागिले १.२४, परत ४.८३. ॲसिडचं वजन मिळवायचं राहिलं की यावलकरांचं ७.६७ येतं. इतक्या दाट द्रावणात मोलॅरिटी मोलॅलिटीपेक्षा मोठी आली तर तिथेच थांबून तपासा.

चोपडा_ट्रॅक्टर
भाऊ, मन्हा ट्रॅक्टरनी बॅटरीबी अशीच शे. भर दुपारी हायड्रोमीटर १२४० दाखवतो. ॲसिड किती टाकू?

तापीकाठ
दादा, इथला प्रश्न वेगळा आहे, पण ॲसिड टाकू नका. मे महिन्यात ॲसिड ४५ अंशांवर गेलं की पातळ दिसतं. दर अंशाला साधारण ०.०००७ घनता घटते. २७ अंशांच्या हिशेबाने तुमचं रीडिंग १२५३ च्या आसपास धरा. तरी थोडं कमीच आहे, आधी पूर्ण चार्ज करा. पातळी उतरली असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर.

अमळनेरकर, हे तुझ्याही कामाचं. त्याच उन्हात तुझी ४.८३ मोलॅरिटी ४.७८ होते. मोलॅलिटी आणि मोल फ्रॅक्शन जागचे हलत नाहीत.

यावलकर
मग गणितात तापमान का देत नाहीत?

तापीकाठ
द्यायला हवं. घनता दिली की त्याच तापमानाची मोलॅरिटी धरायची, एवढंच गृहीत असतं.

चोपडा_ट्रॅक्टर
चार्जिंगला लावली. एक खाना बाकीच्यांपेक्षा खालीच दाखवतोय, तो कशामुळे?